पीपीएफमधून मधेच पैसे काढायचेत? गावाकडच्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

एप्रिल-मे आला की आमच्याकडे रत्नागिरी, देवगड, गुहागर पट्ट्यात पीपीएफबद्दल दोनच गोष्टी विचारल्या जातात. आंब्याचे पैसे आलेत ते भरू का, आणि पावसाच्या आधी घराचं काम करायचंय तर किती निघतील. भरण्याबद्दल सगळेच सांगतात, काढण्याचे नियम मात्र अर्धवट माहीत असतात आणि ऐन गरजेच्या वेळी माणूस काऊंटरवरून हात हलवत परत येतो. म्हणून इथे जास्त करून काढण्याबद्दलच लिहिलंय. बँकेत खातं असो की पोस्टात, नियम एकच आहेत, २०१९ च्या पीपीएफ योजनेचे.

खातं उघडून पाच वर्षं झाली, तरी अजून काढता येणार नाही म्हणतात. असं का?

कारण पाच वर्षं तुमच्या खातं उघडल्याच्या तारखेपासून मोजत नाहीत. ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष आधी संपू द्यायचं, म्हणजे ३१ मार्च येऊ द्यायचा, आणि मग तिथून पुढे पूर्ण पाच वर्षं. समजा खातं मे २०२० मध्ये उघडलं. ते वर्ष संपलं ३१ मार्च २०२१ ला, तिथून पाच वर्षं पूर्ण झाली ३१ मार्च २०२६ ला, म्हणून पहिल्यांदा पैसे काढता येतात १ एप्रिल २०२६ पासून. मे २०२५ मध्ये पासबुक घेऊन गेलात तर 'पाच वर्षं झाली की हो' म्हणून वाद घालून काही उपयोग नाही, समोरचा माणूस बरोबर सांगत असतो.

यातच एक गंमत आहे जी नवीन खातं उघडणाऱ्याने आवर्जून लक्षात ठेवावी. २८ मार्चला उघडलेलं खातं आणि २ एप्रिलला उघडलेलं खातं यात फरक पाच दिवसांचा दिसतो, पण पैसे काढायच्या मुदतीत पूर्ण एक वर्षाचा पडतो, कारण मार्चवाल्याचं वर्ष तीन दिवसांत संपतं आणि एप्रिलवाल्याला पुढच्या ३१ मार्चपर्यंत थांबावं लागतं. मुदतपूर्तीचंही तसंच, पंधरा वर्षंसुद्धा त्या ३१ मार्चपासूनच मोजतात. त्यामुळे एप्रिलमध्ये उघडलेलं खातं खरं तर जवळजवळ सोळा वर्षांनी मॅच्युअर होतं. मार्च महिना असेल आणि खातं उघडायचंच असेल तर पाचशे रुपये भरून उघडून टाका, बाकीचे पैसे हंगामात भरता येतात.

अर्धे पैसे काढता येतात असं ऐकलंय. माझ्या खात्यात साडेचार लाख आहेत, मग सव्वादोन मिळतील ना?

नाही मिळणार. सगळ्यात जास्त निराशा इथेच होते म्हणून हे जरा सावकाश वाचा.

अर्धे म्हणजे आजच्या शिल्लकेचे अर्धे नाहीत. दोन जुन्या शिलका बघतात. ज्या आर्थिक वर्षात पैसे काढताय त्याच्या मागच्या चौथ्या वर्षाच्या शेवटी खात्यात किती होते हा पहिला आकडा, आणि अगदी मागच्याच वर्षाच्या शेवटी, म्हणजे नुकत्याच गेलेल्या ३१ मार्चला किती होते हा दुसरा. दोन्हीपैकी जो कमी असेल त्याच्या निम्मे.

आता एक उदाहरण घेऊ. समजा देवगडकडच्या एका बागायतदार काकांनी मे २०२० मध्ये खातं उघडलं आणि दरवर्षी वाशीहून पट्टी आली की वीस मेच्या सुमारास साठ हजार भरत गेले. व्याज एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के राहिलंय तेच धरू. वीस मेला भरलेल्या पैशावर त्या वर्षी जून ते मार्च असं दहा महिन्यांचं व्याज लागतं, म्हणजे साठ हजारावर ३,५५० रुपये. हा हिशोब पुढे नेत गेलं की ३१ मार्च २०२३ ला खात्यात होतात २,०४,५०६ रुपये, ३१ मार्च २०२४ ला २,८२,५७६, आणि ३१ मार्च २०२६ ला ४,५५,७३८.

काका एप्रिल २०२६ मध्ये पैसे काढायला गेले. वर्ष चालू आहे २०२६-२७. याच्या मागचं पहिलं वर्ष २०२५-२६, दुसरं २०२४-२५, तिसरं २०२३-२४, चौथं २०२२-२३. म्हणून शिल्लक बघायची ३१ मार्च २०२३ ची, २,०४,५०६. दुसरा आकडा ४,५५,७३८. कमी आहे पहिला, त्याचे निम्मे १,०२,२५३ रुपये. पासबुकात साडेचार लाख दिसत असताना हातात येणार एक लाख दोन हजार. मागच्या तीन वर्षांत भरलेला एकही रुपया या मर्यादेत मोजला गेला नाही, हे नीट समजून घ्या, कारण त्यामुळेच 'आत्ता जास्त भरून ठेवतो म्हणजे पुढच्या वर्षी जास्त काढता येतील' हा हिशोब पीपीएफमध्ये चालत नाही. आज भरलेले पैसे मर्यादा वाढवायला चार-एक वर्षांनी कामाला येतात.

तुमचा आकडा काढायचा असेल तर पासबुकात ३१ मार्चच्या नोंदी शोधा, व्याज जमा झाल्यानंतरची शिल्लक घ्या. अलीकडच्या ३१ मार्चवर बोट ठेवा, तो एक, आणि तिथून मागे मोजत चौथ्या ३१ मार्चला थांबा. पासबुकात एंट्री मारून घेतलेली नसेल तर हे जमणार नाही, आधी एंट्री मारून घ्या.

दोन्हीपैकी कमी म्हणता, पण शिल्लक तर वाढतच जाते. मग दुसरा आकडा कधी लागतो?

जो नियमित भरतोय त्याला जवळजवळ कधीच लागत नाही. लागतो तो अशा माणसाला जो भरायचं कमी करतो आणि दरवर्षी काढत राहतो. समजा चार वर्षांपूर्वी खात्यात चार लाख होते, मग मुलीचं कॉलेज सुरू झालं आणि दरवर्षी उचल होत होत मागच्या ३१ मार्चला अडीच लाखच उरले, तर यंदा अडीच लाखाचे निम्मे, सव्वा लाख. चार लाखाचे निम्मे दोन लाख धरून फी भरायचं कबूल करू नका.

घराचं छप्पर बदलायचंय, दोन लाखांच्या वर खर्च आहे. एवढे निघायचा काही मार्ग आहे का?

आहे, आणि तो नियमातच बसतो. पैसे एका आर्थिक वर्षात एकदाच काढता येतात, पण दोन उचलींमध्ये अमुक महिने गेले पाहिजेत अशी अट नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि आपल्याकडे कौलं उतरवायची, वासे बदलायचे, पत्रे घालायचे तर ते काम होतंच मार्च ते मेच्या मधे. मग एक उचल मार्चमध्ये आणि दुसरी एप्रिलमध्ये.

वरच्याच काकांचं बघा. त्यांनी २०२६-२७ ची उचल एप्रिल २०२६ मध्ये न करता मार्च २०२७ पर्यंत थांबवली तर तेव्हा १,०२,२५३ मिळतात. एप्रिल २०२७ ला नवं वर्ष सुरू होतं, आता मागचं चौथं वर्ष होतं २०२३-२४, त्याची शिल्लक २,८२,५७६, निम्मे १,४१,२८८. दोन्ही मिळून २,४३,५४१ रुपये महिन्याभरात हातात. मार्चमध्ये लाकूड आणि पत्रे बुक करायचे, एप्रिलमध्ये सुताराची आणि गड्यांची मजुरी. फक्त मार्चच्या शेवटच्या आठवड्यात जाऊ नका, तेव्हा वर्षअखेरीची गर्दी असते आणि तुमचा अर्ज एप्रिलमध्ये पास झाला तर एका वर्षाची उचल हातची गेली. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात अर्ज द्या.

कशासाठी काढतोय ते सांगावं लागतं का? काय काय कागद लागतात?

कारण विचारत नाहीत, अर्धवट उचलीला कारणाची अट नाही. पैसे काढायचा फॉर्म, पासबुक आणि ज्या बचत खात्यात पैसे घ्यायचे त्याचा तपशील लागतो. खातं लहान मुलाच्या नावावर असेल तर मात्र पालकाला लिहून द्यावं लागतं की पैसे त्या मुलासाठीच वापरणार आहे.

अडतं ते बहुतेक दोन ठिकाणी. एक म्हणजे आधार आणि पॅन. २०२३ पासून अल्पबचतीच्या सगळ्या खात्यांना ते सक्तीचं झालंय, जुन्या खात्यांना ३० सप्टेंबर २०२३ पर्यंत मुदत होती, ज्यांनी दिलं नाही त्यांचं खातं ते देईपर्यंत अडकून राहतं. दुसरं सही. पंधरा वर्षांपूर्वीची सही आणि आजची सही जुळत नाही, विशेषतः वयस्कर माणसांची, तर उचलीच्या आधी एक चक्कर मारून सही अपडेट करून घ्या. छप्पर उतरवून झाल्यावर हे करत बसायला वेळ नसतो.

महिन्याच्या कुठल्या तारखेला काढले तर व्याज कमी बुडेल?

पीपीएफचं व्याज महिन्याच्या ५ तारखेनंतर ते महिनाअखेरपर्यंत जी सगळ्यात कमी शिल्लक असेल तिच्यावर मोजतात. म्हणजे २९ एप्रिलला काढलेत तर तेवढ्या रकमेचं एप्रिलचं पूर्ण व्याज गेलं. तेच थोडं थांबून मे लागल्यावर काढलेत तर एप्रिलचं मिळालं. एक लाखावर हा फरक ५९२ रुपयांच्या आसपास आहे. फार मोठी रक्कम नाही, पण सुतार पुढच्या आठवड्यातच येणार असेल तर महिनाअखेरीला घाई करायचं कारणही नाही.

भरतानाही हाच नियम उलटा लागतो. ५ मेपर्यंत भरलेत तर मेचं व्याज मिळालं, ६ मेला भरलेत तर नाही मिळालं, साठ हजारावर ३५५ रुपये. चेक दिलात तर तो वटल्याची तारीख धरतात, द्यायची नाही, म्हणून ४ तारखेला चेक टाकून निश्चिंत होऊ नका. ज्यांच्याकडे एप्रिलच्या सुरुवातीलाच पैसे मोकळे आहेत त्यांनी ५ एप्रिलच्या आत भरावेत, बारा महिन्यांचं व्याज मिळतं. पण बागायतदाराकडे तेव्हा पैसे नसतात, औषधांच्या फवारण्या आणि राखणीचा खर्च डोक्यावर असतो, त्यांनी त्यासाठी कुणाकडून उसने घेऊन भरायची काहीच गरज नाही.

वर्षाला किती भरता येतात? मुलाच्या खात्यात वेगळे दीड लाख चालतील का?

कमीत कमी ५००, जास्तीत जास्त दीड लाख, एप्रिल ते मार्च. एकदम भरा नाहीतर जमेल तसे थोडे थोडे भरा. मुलाच्या नावाचं खातं तुम्ही पालक म्हणून उघडलं असेल तर तुमचं आणि त्याचं मिळून दीड लाख, वेगवेगळे नाहीत. चुकून जास्त भरले गेले तर वरच्या रकमेला व्याज मिळत नाही, ती तशीच परत देतात. बायकोच्या स्वतःच्या नावावर खातं असेल तर तिची दीड लाखाची मर्यादा तिची स्वतंत्र आहे. एका माणसाला एकच खातं, आणि जॉइंट खातं उघडता येत नाही. मुंबईत एक आणि गावाला एक अशी दोन काढून ठेवलेली असतील तर दुसऱ्या खात्याचा प्रश्न काढायच्या आधी सोडवून घ्या.

वादळाच्या वर्षी काहीच भरलं नाही. आता खातं गेलं का?

गेलं नाही. जून २०२० ला निसर्ग आणि मे २०२१ ला तौक्ते, लागोपाठ दोन वर्षं दापोली-मंडणगडपासून खाली मालवणपर्यंत कुणाची कलमं मुळासकट पडली तर कुणाच्या होड्या फुटल्या, अशा वेळी पीपीएफचे पाचशे रुपये कुणाच्या लक्षात राहणार. वर्षात किमान ५०० भरले नाहीत की खातं 'खंडित' धरतात. आत असलेल्या पैशांवर व्याज चालू राहतं, पण जोपर्यंत ते पुन्हा चालू करत नाही तोपर्यंत उचलही नाही आणि कर्जही नाही.

चालू करायला प्रत्येक चुकलेल्या वर्षाचे ५०० आणि त्यावर ५० दंड. दोन वर्षं चुकली असतील तर ११००, शिवाय चालू वर्षाचे किमान ५००. एवढंच. मात्र हे मुदत पूर्ण व्हायच्या आत करावं लागतं. काही जण घाबरून वर्षानुवर्षं खात्याकडे फिरकतच नाहीत, त्यांना वाटतं दंड हजारोंनी चढला असेल. तसं काही नसतं, जाऊन भरा.

एक गोष्ट मात्र भरून निघत नाही. त्या वर्षांत पैसे न गेल्यामुळे तेव्हाच्या ३१ मार्चची शिल्लक कमी राहिलेली असते, आणि उचलीची मर्यादा त्या जुन्या शिलकेवर ठरते. आज ११०० भरले म्हणून जुनी शिल्लक वाढत नाही. त्या वर्षांचा परिणाम चार वर्षांनंतरच्या उचलीवर दिसतो, तेव्हा आकडा अपेक्षेपेक्षा कमी आला तर चूक झाली असं समजू नका.

खातं नवीन आहे, पाच वर्षं व्हायचीत, पण पैशांची गरज आत्ता आहे.

मग उचल नाही, कर्ज. ज्या वर्षी खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर आणखी एक वर्ष गेलं की कर्ज मिळायला लागतं, आणि उचल सुरू होईपर्यंत मिळतं. २०२३-२४ मध्ये उघडलेलं खातं असेल तर १ एप्रिल २०२५ पासून ३१ मार्च २०२९ पर्यंत. रक्कम मागच्या दुसऱ्या वर्षाच्या शेवटच्या शिलकेच्या पंचवीस टक्के, म्हणजे २०२६-२७ मध्ये घेतलंत तर ३१ मार्च २०२५ ची शिल्लक बघायची. व्याज वर्षाला १ टक्का, ३६ महिन्यांत फेडायचं, नाही फेडलं तर ६ टक्के लागतं. पहिलं फिटल्याशिवाय दुसरं मिळत नाही. रक्कम लहान असते, त्यामुळे घर बांधायला याचा उपयोग नाही, पण होडीचं इंजिन अडलंय किंवा कॉलेजचा पहिला हप्ता भरायचाय अशा वेळी होतो.

घरात मोठं आजारपण आहे, सगळेच पैसे काढून खातं बंद करता येईल का?

येतं, त्याच पाच वर्षांनंतर, आणि फक्त ठरावीक कारणांसाठी. स्वतःला, नवरा-बायकोला, अवलंबून असलेल्या मुलांना किंवा आई-वडिलांना जीवघेणा आजार असेल, स्वतःचं किंवा मुलाचं उच्च शिक्षण असेल, किंवा तुम्ही अनिवासी झालात तर. कागदपत्रं द्यावी लागतात आणि व्याज खातं उघडल्यापासून १ टक्का कमी धरून पुन्हा मोजतात. हा एक टक्का सगळ्या वर्षांवर लागतो, त्यामुळे आधी अर्धवट उचलीत भागतंय का ते बघा, तिच्यात व्याजाची काही कपात नाही. वर्ष संपत आलं असेल तर मार्च-एप्रिलच्या दोन उचलींत बऱ्याचदा हॉस्पिटलचं बिल निघून जातं आणि खातंही चालू राहतं.

काढलेले पैसे परत भरावे लागतात का? टॅक्स लागतो का?

परत भरायचे नाहीत, ते तुमचेच आहेत. भरायची इच्छा असेल तर भरा, पण ते त्या वर्षीच्या दीड लाखातच मोजले जातील. उचलीवर टॅक्स नाही, व्याजावरही नाही. पैसे भरल्याची वजावट फक्त जुन्या करपद्धतीत मिळते.

पंधरा वर्षं झाली. आता सगळे काढू की ठेवू?

तिन्ही मार्ग मोकळे आहेत. सगळे काढून बंद करा. नाहीतर काहीच न भरता तसेच राहू द्या, व्याज चालू राहतं आणि वर्षातून एकदा हवी ती रक्कम काढता येते. नाहीतर भरणं चालू ठेवून पाच वर्षांनी वाढवा, पण त्यासाठी मुदत संपल्यापासून एका वर्षाच्या आत अर्ज द्यावाच लागतो. या पाच वर्षांत सुरुवातीच्या शिलकेच्या साठ टक्क्यांपर्यंत काढता येतात, तेही वर्षातून एकदाच. दहा लाख असतील तर पाच वर्षांत मिळून सहा लाख. अर्ज न देताच पैसे भरत राहिलात तर त्या पैशांवर व्याज मिळत नाही आणि वजावटही नाही, आणि हे लक्षात येतं तेव्हा बहुतेक वर्ष उलटून गेलेलं असतं. ज्यांना म्हातारपणी गरज लागेल तसे काढायचेत त्यांना माझ्या मते न भरता चालू ठेवणं सगळ्यात सोयीचं.

खातं मुंबईतल्या शाखेत आहे, आम्ही आता कायमचे गावाला आलोय. इथे पैसे काढता येतील का?

खातं गावाजवळच्या शाखेत किंवा पोस्टात ट्रान्सफर करून घ्या, बँकेतून पोस्टात आणि पोस्टातून बँकेतही जातं. ट्रान्सफर झालं म्हणून वर्षं पहिल्यापासून मोजत नाहीत, जुनंच खातं पुढे चालू राहतं. पण नवीन पासबुक हातात आलं की पहिल्या पानावर खातं उघडल्याची मूळ तारीख आहे ना ते तिथल्या तिथे बघा. ट्रान्सफरची तारीख पडली असेल तर कॉम्प्युटर तुमचं खातं नवीन समजतो आणि उचलीचा अर्ज अडकतो. जुन्या पासबुकाची झेरॉक्स आणि सगळ्या ३१ मार्चच्या शिलका जवळ ठेवा, त्या दाखवून दुरुस्ती करून घेता येते. आणि पावसाच्या आधी पैसे हवे असतील तर ट्रान्सफरचा अर्ज गणपतीला किंवा दिवाळीला मुंबईला जाणं झालं की तेव्हाच देऊन या.